इंटरव्ह्यूची असाइनमेंट की फुकटात करून घेतलेलं काम? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात कॉपी आणि सोशल मीडियाचं काम करते, नऊ वर्षं झाली. त्यातली पाच एजन्सीत गेली आणि आता एका छोट्या टीमसाठी माणसं मीच घेते, म्हणजे असाइनमेंट लिहून देणारी आणि तपासणारी पण मीच. ओळखीतली मुलं-मुली सारखे तेच प्रश्न विचारतात, बरेचदा रात्री अकरा वाजता, उद्या सबमिशन असताना, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. डिझाईन, कॉपी, सोशल मीडिया या नोकऱ्यांपुरतंच लिहिलंय, कारण तेच मला आतून माहितीय.

असाइनमेंट मागणं मुळातच चुकीचं आहे का?

नाही, आणि हे आधी नीट समजून घ्या, नाहीतर प्रत्येक कंपनी चोर वाटायला लागेल. गप्पांमधून माणूस किती हुशार आहे ते कळतं पण त्याला कॅप्शन लिहिता येतं का ते कळत नाही. 1998 मध्ये श्मिट आणि हंटर या दोघांनी भरतीवरच्या 85 वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं ही पद्धत सगळ्यात वरच्या पद्धतींमध्ये निघाली होती. नंतरच्या अभ्यासांत ही पद्धत आधी वाटली त्यापेक्षा बरीच कमी अचूक निघाली, पण नमुना बघून माणसाचा अंदाज येतो हे काही खोटं ठरलेलं नाही.

आणि ज्याच्याकडे मोठ्या कॉलेजचं नाव नाही, जो सांगली-लातूरकडून आलाय आणि इंग्रजीत अडखळतो, त्याच्यासाठी चांगली टेस्ट ही उलट संधी असते. माझ्या टीममधला सगळ्यात चांगला कॉपीरायटर इंटरव्ह्यूत जेमतेम चार वाक्यं बोलला होता. टेस्ट नसती तर मी त्याला घेतलं नसतं.

मग फरक ओळखायचा कसा?

मी एकच प्रश्न विचारते. मी हे करून पाठवलं तर उद्या सकाळी कंपनी जसंच्या तसं पोस्ट करू शकते का, किंवा क्लायंटला दाखवू शकते का?

उत्तर हो असेल तर ते काम आहे, मग त्याला टेस्ट म्हणा नाहीतर टास्क म्हणा. टेस्टमध्ये कंपनीला हवं असतं तुमचं डोकं कसं चालतं ते, तयार माल नको असतो. म्हणून चांगल्या टेस्टमधला ब्रँड खोटा असतो, किंवा कंपनीने गेल्या वर्षी करून संपवलेलं काम असतं, ज्याचं त्यांना आज काही करता येणार नाही. ब्रीफमध्ये येत्या सणाची तारीख आली, साइझ आले, 'लोगो अटॅच केलाय' आलं, की सावध व्हायचं.

एखादं उदाहरण दाखवा ना, नेमकं काय लिहिलेलं असतं?

मागच्या महिन्यात एका मुलीने मला तिला आलेला ब्रीफ पाठवला. सोशल मीडिया एक्झिक्युटिव्हची पोस्ट, घरगुती खाण्याचे पदार्थ विकणारा छोटा ब्रँड, फोनवर दहा मिनिटं बोलणं झालेलं, सॅलरीचा विषयच निघालेला नाही. ब्रीफ असा: पुढच्या महिन्याचं 30 दिवसांचं कंटेंट कॅलेंडर कॅप्शन आणि हॅशटॅगसकट, 8 क्रिएटिव्ह, 3 रील स्क्रिप्ट, 5 कॉम्पिटिटरचा रिपोर्ट. मुदत चार दिवस. शेवटची ओळ, 'फाइल्स एडिटेबल फॉरमॅटमध्ये पाठवाव्यात'.

आम्ही दोघींनी कागदावर तास मांडले. एका कॅप्शनला वीस मिनिटं धरली, म्हणजे 30 कॅप्शनचे 10 तास. एका क्रिएटिव्हला दीड तास, 8 चे झाले 12. रील स्क्रिप्टचे 3 आणि कॉम्पिटिटर रिपोर्टचे साधारण 4. एकूण 29 तास, म्हणजे जवळपास चार दिवसांचं ऑफिस. आणि ती आधीच एके ठिकाणी नोकरी करते, त्यामुळे हे सगळं रात्री जागून.

आता दुसऱ्या बाजूने बघा. समजा त्यांनी हाच ब्रीफ 12 जणांना दिला. 12 गुणिले 8 म्हणजे 96 क्रिएटिव्ह. आठवड्याला तीन पोस्ट टाकणाऱ्या ब्रँडला ते 32 आठवडे पुरतात. सगळे वापरतीलच असं मी म्हणत नाही, बहुतेक वेळा एवढा विचारही कोणी केलेला नसतो, मालकाने HR ला सांगितलेलं असतं की जरा काम करून घ्या म्हणजे कळेल, आणि HR ने रोजच्या कामाची यादीच उचलून ब्रीफ म्हणून पाठवलेली असते. पण हेतू काहीही असला तरी तुमचे 29 तास जातातच ना.

याच पोस्टसाठी नीट टेस्ट कशी असती ते सांगते. 'आमच्या पेजवरच्या या तीन जुन्या पोस्ट बघा, यातली कुठली चालली नसेल आणि का ते दहा ओळींत लिहा, आणि त्या पोस्टचं कॅप्शन दोन वेगळ्या पद्धतींनी लिहून दाखवा.' दीड तासाचं काम. यातून मला कळतं की समोरच्याला वाचक कळतो का, भाषा येते का, स्वतःच्या निवडीचं कारण देता येतं का. तीस कॅप्शन वाचून यापेक्षा जास्त काही कळत नाही, खरं सांगायचं तर दहाव्या कॅप्शननंतर तपासणारा वाचतच नाही.

किती तासांपर्यंत ठीक आहे?

माझी मर्यादा दोन ते तीन तास, आणि ते पण किमान एक खरी बातचीत झाल्यावर, म्हणजे ज्याच्या हाताखाली काम करायचंय त्या माणसाशी बोलून झाल्यावर आणि सॅलरीची रेंज कळल्यावर. अर्ज टाकल्या टाकल्या ऑटोमॅटिक मेलने आलेली मोठी असाइनमेंट मी करू नका असंच सांगते, कारण त्यांनी तुमच्यासाठी अजून पाच मिनिटंही घालवलेली नसतात. चार तासांच्या वर गेलं तर पैसे द्यायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे.

एक लक्षात ठेवा, ब्रीफमध्ये 'हे साधारण दोन तासांचं काम आहे' असं लिहिलेलं असतं ते अंदाज लावणाऱ्याच्या हाताने, ज्याला ब्रँड पाठ आहे आणि टेम्प्लेट तयार आहेत. तुमच्या हाताने ते दुप्पट धरा.

ओपन फाइल मागितली तर?

इथे मी फार ठाम आहे. डिझाईन बघायला पीडीएफ किंवा जेपीजी पुरते. ओपन फाइल, म्हणजे सीडीआर, पीएसडी, फिग्माचा एडिट ॲक्सेस, ही लागते फक्त बदल करून वापरायला. आमच्या धंद्यात क्लायंटला ओपन फाइल देताना पण आम्ही वेगळे पैसे लावतो आणि ती उमेदवाराकडून फुकट मागायची?

कधीकधी खरं कारण असतं, त्यांना बघायचं असतं की लेयर नीट ठेवलेत का, नावं दिलीत का, की सगळं एकावर एक चिकटवलंय. ते स्क्रीन शेअर करून दहा मिनिटांत दाखवता येतं. तसं सांगा, 'फाइल मी कॉलवर उघडून दाखवते'. ज्यांना खरंच लेयर बघायचेत ते लगेच हो म्हणतात.

पीडीएफवर वॉटरमार्क टाकला तर वाईट दिसतं का?

नाही. आडवा मोठा 'कॉपी करू नये' वगैरे टाकू नका, त्याने डिझाईनच दिसत नाही. प्रत्येक पानावर खाली बारीक अक्षरात नाव, तारीख आणि 'फक्त निवड प्रक्रियेसाठी' एवढं पुरे. मेलमध्ये पण एक ओळ टाका की हे काम निवडीसाठी दिलंय, वापरायचं असल्यास आधी बोलू. आणि मेलनेच पाठवा, व्हॉट्सॲपवर नको, कारण फोन बदलला की चॅट जाऊ शकतो आणि मेल राहतो.

नाही म्हणायचं तर कसं? राग येईल ना त्यांना.

सरळ नाही म्हणू नका, काम लहान करून मागा. वरच्या मुलीने जो मेल पाठवला तो जवळपास असा होता:

'नमस्कार मॅडम, ब्रीफ मिळाला, ब्रँड आवडला. दिलेल्या कामाला माझ्या अंदाजाने 28 ते 30 तास लागतील आणि सध्याच्या नोकरीमुळे एवढा वेळ काढणं शक्य नाही. मी 5 दिवसांचं कॅलेंडर, 1 क्रिएटिव्ह आणि 1 रील स्क्रिप्ट शनिवारपर्यंत पाठवू शकते आणि त्यामागचा विचार कॉलवर समजावून सांगेन. पूर्ण काम हवं असेल तर ते फ्रीलान्स प्रोजेक्ट म्हणून करायला आवडेल, त्याचं कोटेशन पाठवते. कसं करूया ते कळवाल का?'

यात तक्रार नाही, आरोप नाही, तास आहेत आणि पर्याय आहे. त्यावर जे उत्तर येतं तेच तुमच्यासाठी कंपनीची टेस्ट. चांगल्या ठिकाणाहून 'हो चालेल' येतं, बरेचदा सॉरी पण येतं. तिला उत्तर आलं, 'बाकीचे कँडिडेट करतायत, तुम्हाला इंटरेस्ट दिसत नाही.' तिने सोडून दिलं. मला बरं वाटलं, कारण असं बोलणारी माणसं जॉइन झाल्यावर शनिवार-रविवार पण अशाच सुरात मागतात.

मी फ्रेशर आहे, घरी पैशांची गरज आहे, मला नाही म्हणणं परवडत नाही. मग काय करू?

मग करा, आणि त्यात लाज वाटून घेऊ नका. ज्याच्या हातात दुसरी ऑफर आहे त्यालाच ताठ राहता येतं, हे मला माहितीय. पण करताना तीन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे सगळं करायच्या नादात दर्जा घालवू नका, 8 क्रिएटिव्ह मागितले असतील तर 2 पूर्ण नीट करा आणि बाकीच्या 6 चं फक्त स्केच आणि दोन ओळी द्या. दुसरं, ओपन फाइल द्यायची नाही. आणि तिसरं, एकाच वेळी अशा दोन असाइनमेंट घेऊ नका, कारण माझ्या ओळखीतल्या एका मुलाने एका महिन्यात पाच केल्या आणि त्या महिन्यात त्याने एकही नवीन अर्ज टाकला नव्हता, सगळा वेळ तिथेच गेला.

आणि कोणी असाइनमेंटच्या आधी रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, डिपॉझिट मागितलं तर तिथे विचार करायचाच नाही, ती फसवणूकच असते.

पैसे मागितले तर किती मागायचे?

सध्याच्या किंवा अपेक्षित पगारावरून काढा. महिन्याला 30,000 ची पोस्ट असेल आणि 25 कामाचे दिवस धरले तर दिवसाचे 1,200. दोन दिवसांचं काम असेल तर 2,400. फ्रीलान्सचा रेट याच्या वर असतो, पण टेस्टसाठी पगाराच्या हिशोबाने मागितलं की समोरच्याला नाही म्हणायला कारण उरत नाही. पैसे घेणार असाल तर वापराचा हक्क कोणाकडे हे आधी मेलवर लिहून घ्या, कारण फोटोसारख्या काही कामांत पैसे देऊन करवून घेणाऱ्याकडेच कॉपीराइट जातो.

तुमच्या बाबतीत असं कधी झालंय का?

झालंय, आणि म्हणूनच मी हे एवढं पोटतिडकीने लिहितेय. दुसऱ्या नोकरीच्या शोधात होते तेव्हाची गोष्ट. फेब्रुवारी महिना, एक एजन्सी, त्यांचा क्लायंट बिल्डर. असाइनमेंट होती गुढीपाडव्याच्या बुकिंगची कॅम्पेन. पाडवा साडेतीन मुहूर्तांतला, फ्लॅट बुकिंगसाठी मोठा दिवस, म्हणजे त्या ब्रीफला चार-पाच आठवड्यांतच वापरायची तारीख होती, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. मी पाच रात्री बसले. मुख्य ओळ लिहिली होती, 'यंदाची गुढी आपल्या गॅलरीत'. भाड्याच्या घरात घरमालकाला विचारून गुढी उभारणारं कुटुंब, जिना, हातात कळकाची काठी आणि कडुलिंबाचा डहाळा, असं पूर्ण चित्र लिहून दिलं होतं, कारण आम्ही स्वतः तसेच राहायचो आणि माझे बाबा दरवर्षी मालकांना विचारायला जायचे.

पाठवलं. दोन मेलला उत्तर नाही. पाडव्याच्या आठवड्यात सिंहगड रोडवर सिग्नलला थांबले होते आणि समोर होर्डिंग, 'यंदाची गुढी स्वतःच्या गॅलरीत'. काठी, डहाळा, जिना, सगळं. एक शब्द बदलला होता. मी गाडी बाजूला घेतली आणि फोटो काढला, हात थरथरत होते.

मी काही केलं नाही. माझ्याकडे सगळं व्हॉट्सॲपवर पाठवलेलं होतं, नाव नाही, तारीख नाही, काही नाही. आज तीच गोष्ट झाली तर काय करेन ते पुढच्या प्रश्नात लिहिलंय.

काम वापरलं गेलं तर कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही, पण हे प्रत्येकाला माहिती असावं एवढं आहे. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्याच्या कलम 17 प्रमाणे काम ज्याने केलं तो पहिला मालक. नोकरीत असताना केलेल्या कामाचा मालक सहसा एम्प्लॉयर असतो, पण उमेदवार हा एम्प्लॉयी नसतोच. आणि कलम 19 प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. म्हणजे तुम्ही फुकट करून नुसतं मेल केलं म्हणून ते त्यांचं होत नाही. यासाठीच काही कंपन्या फॉर्ममध्ये 'सबमिशनचे सर्व हक्क कंपनीकडे राहतील' अशी ओळ घालतात. ती दिसली तर काढायला सांगा, नाही काढली तर काम पाठवू नका.

पण मर्यादा पण समजून घ्या, कारण इथेच बहुतेक लोक निराश होतात. कल्पनेला कॉपीराइट नसतो, हे सुप्रीम कोर्टाने 1978 मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय. छोट्या ओळीलाही सहसा मिळत नाही, 2015 मध्ये एका सिनेमाच्या नावावरून वाद गेला होता तेव्हा कोर्टाने नुसत्या नावाला कॉपीराइट नाही असंच म्हटलं. म्हणजे माझी ती एक ओळ कायद्याने वाचली नसती. पण डिझाईन, चित्र, लांब कॉपी, पूर्ण लिहिलेली स्क्रिप्ट जशीच्या तशी किंवा बरीचशी उचलली तर तुमची बाजू भक्कम असते. म्हणून नुसती आयडिया सांगून सोडू नका, जे काही द्याल ते पूर्ण लिहिलेल्या, रेखाटलेल्या रूपात द्या, भले एकच द्या.

झालंच तर आधी त्यांच्या पोस्टचे स्क्रीनशॉट काढा, तारीख दिसेल असे. मग एजन्सीला शांत मेल, तुमचं काम आणि त्यांचं काम शेजारी शेजारी लावून, आणि मानधनाचा आकडा. उत्तर नाही आलं तर इन्स्टाग्रामवर कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म असतो, तो भरा. एजन्सीच्या क्लायंटला कळवणं हा सगळ्यात जास्त चालणारा उपाय आहे, कारण कुठल्याच ब्रँडला वादातलं क्रिएटिव्ह नको असतं. रागाच्या भरात नाव घेऊन पोस्ट टाकू नका, पुरावा कच्चा असेल तर अब्रुनुकसानीचं प्रकरण उलट तुमच्यावरच येऊ शकतं.

टेस्टनंतर काहीच कळवलं नाही, म्हणजे माझं काम चोरलं का?

तसं नाही. न कळवणं हा उद्धटपणा आहे, आणि दुर्दैवाने तो सगळीकडेच आहे, पण ती चोरी नाही. तसंच त्यांच्या पाडव्याच्या पोस्टमध्ये गुढी दिसली, दिवाळीला पणती दिसली, म्हणून आपली आयडिया उचलली असं समजू नका, ते दहा जणांना सुचतंच. बघायचं ते आपल्याच कामातले विशेष तपशील आलेत का. माझ्या बाबतीत गुढीचं काही नव्हतं, घरमालकाला विचारणारं कुटुंब आणि तो जिना, ते माझ्या घरातून आलं होतं.

मी स्वतः भरती करतोय, टेस्ट कशी देऊ?

जुनं, वापरून झालेलं काम द्या. वेळ लिहा आणि तो आधी स्वतः घड्याळ लावून करून बघा, मी दर वेळी बघते आणि दर वेळी ब्रीफ छोटा करावा लागतो. फक्त शेवटच्या तीन-चार जणांनाच द्या. काय तपासणार ते आधीच सांगा, उदाहरणार्थ भाषा, वाचकाची समज आणि कारण देता येणं. आणि ज्याने टेस्ट केली त्याच्याशी अर्धा तास त्या कामावर बोला, निवड होणार नसली तरी. या अर्ध्या तासामुळे मुलं टेस्टमध्ये जीव ओततात, शिवाय काम त्यांनीच केलंय का तेही दोन प्रश्नांत कळतं.

'पैसे द्यायला अकाउंट्सची प्रोसेस नाही' हे मला पटत नाही. चहावाल्याचं महिन्याचं बिल जातं तसंच हे पण एका साध्या बिलावर जातं.

असाइनमेंट पोर्टफोलिओत टाकता येते का?

गोपनीयतेचा करार सही केला नसेल तर येते. मात्र क्लायंटचं काम म्हणून टाकू नका, खाली स्पष्ट लिहा की निवड प्रक्रियेसाठी केलं होतं. त्यांनी दिलेले आतले आकडे, न आलेल्या प्रॉडक्टची माहिती काढून टाका. लोगो बदलून खोटा ब्रँड लावला तर आणखी बरं. आणि लगेच टाकू नका, निकाल लागेपर्यंत थांबा. माझी ती पाडव्याची कॅम्पेन मी नंतर तशीच टाकली, तारखेसकट, आणि पुढच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत अर्धा वेळ त्या जिन्यावरच बोलणं झालं.